डी-थ्रीपर्यंत तो एक नंबर

रेफरन्स चेकचे फोन मी शक्यतो दुपारी चारच्या पुढे करते. चाकण-भोसरीकडच्या बऱ्याच प्लांटमध्ये फर्स्ट शिफ्ट साडेतीनच्या आसपास सुटते, मग हँडओव्हर होतो, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास प्रॉडक्शन किंवा क्वालिटीच्या माणसाला जरा खुर्चीत टेकायला मिळतं. सकाळी फोन केला तर "हो हो, चांगला मुलगा आहे, घ्या" एवढंच ऐकू येतं, कारण तिकडे त्याच्या मागे कुठलं तरी मशीन बंद पडलेलं असतं आणि त्याला फोन ठेवायची घाई असते. चारनंतर तोच माणूस चहा पीत दहा मिनिटं बोलतो, आणि जे काही कामाचं कळतं ते सहाव्या-सातव्या मिनिटानंतरच कळतं असा माझा अनुभव आहे.

अकरा वर्षं झाली मला भरतीचं काम करताना, त्यातली बहुतेक शीट मेटलचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये गेली. गाड्यांचे ब्रॅकेट, सीटचे सांगाडे, असलं सगळं. बाहेरच्या लोकांना वाटतं रेफरन्स चेक म्हणजे माणूस खोटं बोलतोय का ते पकडायचं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं, आणि रेझ्युमे एका बाजूला, फोनवरची उत्तरं दुसऱ्या बाजूला ठेवून मी टिक आणि फुली मारत बसायचे. आता तसं करत नाही. का करत नाही ते एका मुलाच्या गोष्टीवरून सांगते, कारण ती केस मी अजून विसरले नाहीये.

आम्हाला तेव्हा कस्टमर क्वालिटी इंजिनियर हवा होता. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी: आपण बनवलेला पार्ट गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या असेंब्ली लाईनवर जातो, तिथे तो खराब निघाला की कंप्लेंट येते, आणि मग आपल्या माणसाने तिकडे जाऊन उत्तर द्यायचं असतं. हे उत्तर एका ठरलेल्या फॉरमॅटमध्ये लिहितात, त्याला एट-डी म्हणतात, आठ पायऱ्या असतात. त्यातली तिसरी पायरी डी-थ्री म्हणजे आग विझवणं: कस्टमरकडचा सगळा माल वेगळा काढा, शंभर टक्के तपासा, चांगला-खराब सॉर्ट करा, वाटेतला ट्रक थांबवा, आपल्या गोडाऊनमधला स्टॉक बघा. चौथी पायरी डी-फोर म्हणजे आग कशामुळे लागली ते शोधणं, रूट कॉज. आणि पुढच्या पायऱ्या म्हणजे परत लागू नये म्हणून काय करणार. कस्टमर क्वालिटीच्या माणसाची खरी परीक्षा डी-फोरला होते, कारण समोर कस्टमरचा अनुभवी माणूस बसलेला असतो आणि तो पाच वेळा "का" विचारतो.

या मुलाचा रेझ्युमे चांगला होता. कराडकडचा, डिप्लोमा मेकॅनिकल, सहा वर्षांचा अनुभव. त्यात तीन ओळी ठळक केलेल्या होत्या. एक, चौदा जणांची क्वालिटी टीम लीड केली. दोन, कस्टमर पीपीएम एका वर्षात 480 वरून 60 वर आणला. तीन, कस्टमर कंप्लेंट आणि एट-डी स्वतंत्रपणे हाताळल्या.

पीपीएम म्हणजे दहा लाख पार्टमागे किती खराब निघाले. ऐकायला फार मोठं प्रकरण वाटतं, पण हिशोब साधा आहे. महिन्याला दोन लाख पार्ट जात असतील तर 480 पीपीएम म्हणजे महिन्याला 96 खराब पार्ट, आणि 60 पीपीएम म्हणजे 12. शहाण्णवचे बारा झाले, हे काम खरंच मोठं आहे, त्यात शंका नाही. इंटरव्ह्यूमध्ये आमच्या क्वालिटी हेडनाही मुलगा आवडला, बोलायला शांत, आकडे तोंडपाठ. राहिला होता फक्त रेफरन्स चेक.

इथे एक गोष्ट सांगते जी मला कोणी शिकवली नव्हती, चुकत चुकत कळली. रेफरन्सला फोन केल्यावर रेझ्युमेतली ओळ त्याला वाचून दाखवायची नाही. "सर, त्यांनी लिहिलंय की चौदा जणांची टीम लीड केली, बरोबर ना?" असं विचारलं की दहातले नऊ जण "हो बरोबर" म्हणतात. ते काही खोटं बोलत नसतात. जुन्या सहकाऱ्याची नोकरी आपल्या एका शब्दावर अडू नये असं कोणालाही वाटतं, शिवाय चौदा का बारा हे चार वर्षांनी कोणाला आठवतंय. म्हणजे आपण आपलंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकतो आणि 'व्हेरिफाइड' लिहून मोकळे होतो. त्यामुळे मी आधी विचारते, तो तुमच्याकडे काय करायचा. मग त्याच्या वर कोण, खाली कोण. मग एखादा प्रसंग सांगा. आणि शेवटी माझा एक ठरलेला प्रश्न असतो, तो सुट्टीवर गेला की तुमच्याकडे काय अडायचं? या प्रश्नाला तोंडदेखलं उत्तर देता येत नाही, माणसाला थांबून आठवावंच लागतं, आणि जे आठवतं ते त्या मुलाचं खरं काम असतं.

तसं बघितलं तर रेफरन्स चेकवर फार भरवसा ठेवावा असं नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोघांनी 1998 मध्ये निवडीच्या पद्धतींवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं होतं, की कुठल्या पद्धतीवरून माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज किती बांधता येतो. शून्य म्हणजे काहीच नाही आणि एक म्हणजे तंतोतंत, अशा मापावर नीट आखलेल्या इंटरव्ह्यूला 0.51 मिळाले आणि रेफरन्स चेकला 0.26. कारण उघड आहे, ज्याचं नाव द्यायचं तो माणूस उमेदवारच निवडतो, आणि निवडलेला माणूस चांगलंच बोलतो, मग सगळेच उमेदवार सारखेच चांगले दिसतात. म्हणून "चांगला आहे का" हे विचारण्यात अर्थच नाही. काय करायचा ते विचारायचं, आणि ते रेझ्युमेशेजारी ठेवायचं.

पहिला फोन त्याच्या आधीच्या क्वालिटी मॅनेजरना केला. ते आता दुसऱ्या कंपनीत आहेत, त्यामुळे मोकळेपणाने बोलतील असं वाटलंच होतं. पहिली दोन मिनिटं नेहमीचंच झालं, मेहनती आहे, वेळेवर येतो. मग मी म्हटलं, सर, तुमच्याकडची एखादी मोठी कंप्लेंट आठवते का, ज्यात हा होता? ते हसले आणि म्हणाले, "नट मिसिंग. ते कसं विसरणार."

झालं होतं असं. एका ब्रॅकेटला दोन वेल्ड नट लागायचे. ऑपरेटर हाताने फिक्स्चरमध्ये नट ठेवणार, वर ब्रॅकेट ठेवणार, बटण दाबणार. अधूनमधून एक नट नसलेला ब्रॅकेट तसाच पुढे जायचा आणि कस्टमरच्या लाईनवर बोल्ट लावायला गेलं की बोल्टला धरायला काहीच नाही, लाईन थांबली. महिन्यातल्या त्या शहाण्णव खराब पार्टमध्ये निम्म्याहून जास्त हेच असायचे. सर म्हणाले, "या पोराने काय केलं माहितेय का, परत आलेला एकेक ब्रॅकेट घेऊन बसला. पार्टवर शिफ्टचा पंच असतो, बिनच्या टॅगवर वेळ असते, ते सगळं जुळवून तीन महिन्यांचा तक्ता केला त्याने. मला म्हणाला, सर, बरेचसे बी शिफ्टचे आहेत, आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या अर्ध्या तासातले आहेत."

मी विचारलं, मग पुढे? म्हणाले, पुढे मी दोन दिवस बी शिफ्टला त्या मशीनपाशी उभा राहिलो. जेवणाची बेल झाली की ऑपरेटर अर्धवट भरलेलं फिक्स्चर तसंच टाकून जायचा, एक नट ठेवलेला, एक नाही. परत आला की वाटायचं दोन्ही ठेवलेत, ब्रॅकेट ठेवला, बटण दाबलं. मग टूलिंगवाल्यांकडून फिक्स्चरमध्ये सेन्सर बसवून घेतले, नट नसेल तर मशीन चालूच होणार नाही. सेन्सर बसले आणि दोन महिन्यांत पीपीएम खाली आला.

मी लिहून घेत होते. मग माझा शेवटचा प्रश्न विचारला. फोनवर जरा शांतता झाली आणि मग ते म्हणाले, "हे बघा मॅडम, डी-थ्रीपर्यंत तो एक नंबर. रात्री अकराला कस्टमरकडून फोन आला तरी हा पोरं घेऊन सॉर्टिंगला हजर. तो नसला की मला झोप नसायची. डी-फोर मात्र मी करून घ्यायचो." टीम किती होती तेही ओघात आलं. चौदा इन्स्पेक्टर होते डिपार्टमेंटला, त्यातले त्याच्या शिफ्टला पाच-सहा, आणि बाकी सगळ्यांची रोजची हजेरी आणि पॅट्रोलिंगचं वेळापत्रक तो लावायचा.

आता रेझ्युमेच्या तीन ओळी परत बघा. चौदा जण होते, पण लीड सर करायचे. पीपीएम 480 वरून 60 वर आला हे अगदी खरं, पण त्यात त्याचा डेटा, सरांचा रूट कॉज आणि टूलिंगचा सेन्सर अशी तीन माणसांची मेहनत आहे. एट-डी हाताळल्या हेही खरं, पहिल्या तीन पायऱ्यांपर्यंत स्वतंत्रपणे आणि चौथीपासून सरांच्या मागे. आधीच्या सवयीने मी तीनही ओळींपुढे फुल्या मारल्या असत्या आणि फाईल बंद केली असती. पण यातली एकही ओळ पूर्ण खोटी नव्हती, प्रत्येक ओळ खऱ्या कामापेक्षा एक पायरी वर सरकवलेली होती. आणि तिन्ही ठिकाणी एकाच दिशेने. हे माझ्या डोक्यात बसलं. तफावत इथे-तिथे विखुरलेली असेल तर ती बहुतेक विसरण्याची किंवा निष्काळजीपणाची असते, पण ती एकाच जागी परत परत पडत असेल तर ती जागा बघावी. इथे ती जागा डी-थ्री आणि डी-फोरच्या मधली होती, आणि आमची पोस्ट नेमकी डी-फोरची होती.

दुसरा फोन प्रॉडक्शनच्या एका सुपरवायझरना. मॅनेजर वरून बघतो, बाजूचा माणूस बाजूने बघतो, म्हणून मी दुसरा रेफरन्स नेहमी दुसऱ्या डिपार्टमेंटचा मागते. हे काका अस्सल शॉप फ्लोअरचे, मला "ताई" म्हणाले पहिल्या वाक्यालाच. त्यांना पीपीएम-बिपीएममध्ये काही रस नव्हता. ते सांगत होते प्रेस शॉपची गोष्ट. ब्लँकिंगचा पंच झिजायला लागला की कापलेल्या कडेला बर येते, म्हणजे धारेला कुसळासारखा पत्रा उभा राहतो. ती मापाबाहेर जायच्या आधीच ओळखता आली तर पंच काढून धार लावता येते आणि माल वाया जात नाही. "हा पोरगा ताई, दर दोन तासाला राउंडला यायचा, पार्ट उचलायचा आणि कडेवरून नख फिरवायचा. मग माप घ्यायचा. गेजला अजून ओके असायचं, पण हा म्हणायचा काका, आजच्या शिफ्टला निघेल बघा, पंच काढून ठेवा. आणि निघायचंच."

आणि मग ते जे बोलले ते रेझ्युमेत कुठेच नव्हतं. क्वालिटीच्या माणसाने मशीन थांबवलं की प्रॉडक्शनवाले चिडतात, सगळीकडे हेच असतं, टार्गेट त्यांचं बुडतं. "पण याने थांबवलं तर आमची पोरं काही बोलायची नाहीत. कारण तो थांबवायचा आणि निघून नाही जायचा. डाय उतरेपर्यंत तिथेच उभा. सेटरला मदत करायचा."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ रेझ्युमे घेऊन बसले. दोन पानांचा होता. त्यात 'लीड' हा शब्द सात वेळा आला होता. नख फिरवून बर ओळखतो हे नव्हतं, मशीन थांबवलं तरी ऑपरेटर चिडत नाहीत हेही नव्हतं. म्हणजे तफावत दोन्ही बाजूंनी होती, काही ठिकाणी रेझ्युमे उत्तरापेक्षा मोठा आणि काही ठिकाणी उत्तर रेझ्युमेपेक्षा मोठं, आणि ही दुसरी तफावत कोणी मोजतच नाही. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये तिला रकानाच नसतो. तिथे तारीख जुळते का, पद जुळतं का, परत घ्याल का, एवढंच. रेफरन्सवाला आपणहून ज्याच्याबद्दल तीन मिनिटं बोलतो आणि उमेदवाराने ज्याची एक ओळही लिहिलेली नसते, ते काम माणूस इतकं सहज करतो की त्याला ते काम वाटतच नाही. मला वाटतं कोण कुठे नीट बसेल हे तिथे सगळ्यात जास्त दिसतं.

तारखांबद्दलही सांगायला हवं, कारण याच फाईलमध्ये तीही गडबड होती. रेझ्युमेत लिहिलं होतं की पहिल्या कंपनीत दोन वर्षं. त्याने दिलेल्या यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या नंबरच्या, सर्व्हिस हिस्टरीत त्या कंपनीचं नाव सव्वा वर्षच दिसत होतं, आणि त्याआधीचे नऊ महिने भलत्याच कुठल्या तरी एजन्सीच्या नावावर. आमच्या एका नव्या मुलीने त्यावर लाल शेरा मारला होता. पण आमच्या भागात हे रोजचं आहे, पोरगा उभा असतो प्लांटच्या लाईनवर आणि पगार व पीएफ असतो कंत्राटदाराकडून, म्हणून पीएफच्या नोंदीत कंत्राटदाराचं नाव येतं. अप्रेंटिस असेल तर पीएफच नसतो, ते वर्ष तर नोंदीतून गायबच. मुलाला विचारलं, दोन वर्षं कुठे होतास, तर तो म्हणतो त्याच गेटमधून आत जायचो ना मॅडम. आणि ते खरंच असतं. ही तफावत माणसाची नसतेच, ती आपल्याकडे नोकरी कशी दिली जाते त्याची आहे, आणि तिच्यासाठी कोणाची ऑफर अडवली की मला मनापासून वाईट वाटतं. गेटपासची किंवा ईएसआय कार्डाची प्रत बघितली, कंत्राटदाराला एक फोन केला, की प्रश्न मिटतो.

खरी फसवणूकही असते, नाही असं नाही. एकदा एकाने 'प्लांट हेड' म्हणून नंबर दिला होता तो मित्राचा निघाला. संशय यायला कारण एवढंच की माणूस सगळ्याला हो म्हणत होता आणि एकही बारकावा सांगत नव्हता. सहज विचारलं, तुमच्याकडे वीकली ऑफ कधी असायचा, तो म्हणाला रविवार. भोसरीतल्या त्या प्लांटला सुट्टी गुरुवारची. प्लांट हेडला सुट्टीचा वार माहीत नाही असं होत नाही. तिथे मी फाईल बंद केली आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. पण इतक्या वर्षांत असे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. बाकी सगळे या मुलासारखे, एक पायरी वर सरकवलेले.

आता पुढचं पाऊल. तफावत दिसली की ती उमेदवाराला विचारायची, पण रेफरन्सवाला काय म्हणाला ते न सांगता. यात मी फार काळजी घेते, कारण माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका उमेदवाराबद्दल मी त्याच्या चालू कंपनीतल्या एका ओळखीच्या माणसाला सहज विचारलं, लेखी परवानगी तर सोडाच, त्याला सांगितलंही नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याच्या साहेबाला कळलं. इकडे आमची पोस्ट होल्डवर गेली आणि तिकडे त्याची इन्क्रिमेंट. तो मला फोन करून फक्त एवढंच म्हणाला, मॅडम मला विचारायचं तरी होतं. ते वाक्य अजून ऐकू येतं मला. तेव्हापासून उमेदवाराचा मेल आल्याशिवाय मी एकही नंबर फिरवत नाही, आणि चालू कंपनीत राजीनामा मंजूर होईपर्यंत अजिबात नाही.

तर या मुलाला परत बोलावलं. क्वालिटी हेड आणि मी. रेझ्युमे बाजूला ठेवला आणि म्हटलं, नट मिसिंगची गोष्ट पहिल्यापासून सांग. त्याचा चेहरा बदलला. इंटरव्ह्यूमध्ये तो आकडे बोलत होता, आता गोष्ट सांगायला लागला. ब्रॅकेट कसे गोळा केले, टॅग तेलाने पुसट झाले होते ते उजेडात धरून कसे वाचले, तक्ता कसा केला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आला आणि म्हणाला, "मग सरांनी मशीनपाशी उभं राहून बघितलं, फिक्स्चर अर्धवट राहतं ते त्यांच्या लक्षात आलं." एका दमात, काही लपवलं नाही. हेड म्हणाले, मग रेझ्युमेत तू लीड केलं असं का आहे? तो खाली बघून म्हणाला, सर, पहिल्या रेझ्युमेत 'टीममध्ये होतो' असं लिहिलं होतं. चार महिने एकही कॉल नाही आला. मित्राने बदलून दिला, आठवड्यात तीन आले.

यावर मी काय बोलणार. त्याला हे आमच्यासारख्यांनीच शिकवलंय, रेझ्युमे चाळताना आम्ही तो शब्द शोधतो म्हणून तो तिथे येतो.

माझा अंदाज कशावरून पक्का झाला ते सांगते. त्याने आपणहून सांगितलेली गोष्ट आणि सरांनी फोनवर सांगितलेली गोष्ट जवळजवळ शब्दाला शब्द जुळली. कागद जुळला नाही पण माणूस जुळला. उलटही बघितलंय मी, कागद तंतोतंत जुळतो, तारखा, पद, सगळं, आणि समोर बसवून गोष्ट विचारली की तिसऱ्या वाक्याला धागा सुटतो. त्या दोघांत मी पहिल्याला घेईन. पण कुठल्या पोस्टला, हा वेगळा प्रश्न, आणि त्यावर आमची चर्चा तासभर चालली. कस्टमर क्वालिटीला घेतला असता तर पहिल्याच मोठ्या कंप्लेंटला तो कस्टमरच्या माणसासमोर डी-फोर घेऊन एकटा बसला असता. पाठीशी सर नाहीत. हेडचं म्हणणं होतं शिकेल. माझं म्हणणं होतं शिकेल, पण तिथे शिकायला वेळ मिळत नाही, तीन महिन्यांत त्याच्यावर 'जमत नाही' असा शिक्का बसेल आणि नख फिरवून बर ओळखणारा माणूस आपण घालवू.

शेवटी आम्ही त्याला इन-प्रोसेस क्वालिटीला घ्यायचं ठरवलं, म्हणजे लाईनवरच, बी शिफ्ट. ग्रेड तोच, पगार मागितल्यापेक्षा थोडा कमी. अट मी घातली होती की महिन्याला किमान एका डी-फोरच्या मीटिंगला त्याला बसवायचं. त्याला सांगितलं तेव्हा तो नाराज झाला, स्पष्ट दिसत होतं. डेस्क जॉब हवा होता, बायको कराडला, लहान मूल, बी शिफ्ट म्हणजे घरी यायला रात्रीचे बारा. दोन दिवस मागून घेतले. मला वाटलं नाही येणार. तिसऱ्या दिवशी हो म्हणाला. मी बरोबर केलं का याची धाकधूक मला बरेच दिवस होती, कारण रेफरन्सच्या दोन फोनवरून मी एका माणसाची रोजची झोपेची वेळ ठरवली होती.

दीड वर्ष झालं त्याला. या मार्चमध्ये अप्रेझलचे फॉर्म आले. डावीकडे माणसाने स्वतः लिहायचं, उजवीकडे त्याच्या साहेबाने. मी हे दोन रकाने अजूनही तशीच वाचते, रेझ्युमे आणि रेफरन्ससारखे शेजारी-शेजारी. याच्या डावीकडच्या रकान्यात लिहिलं होतं: डी-फोरच्या मीटिंगला बसलो, स्पॅटरच्या केसमध्ये माहिती पुरवली. उजवीकडे साहेबांनी लिहिलं होतं: स्पॅटर केसचा रूट कॉज याने काढला.

परत तफावत. मी फॉर्म घेऊन चारला खाली शॉप फ्लोअरवर गेले. साहेब हँडओव्हर आटपून चहा घेत होते. त्यांना विचारलं, स्पॅटरचं काय झालं होतं? म्हणाले, नटच्या आट्यांमध्ये वेल्डिंगचे थेंब उडून बसत होते, बोल्ट अडकायचा. सगळे करंट सेटिंगच्या मागे लागले होते. हा दोन दिवस जॉब बदलताना तिथे उभा होता, त्याला दिसलं की जॉब बदलला की टिप ड्रेसिंगचं, वेल्डिंगची टिप कधी घासायची ते मोजणारं काउंटर शून्यावर जातं, म्हणजे टिप झिजलेली असते आणि मशीन समजतं नवी आहे. मी म्हटलं, मग त्याने 'माहिती पुरवली' एवढंच का लिहिलंय? साहेब म्हणाले, "त्याला विचारलं मी. म्हणतो, मी फक्त बघितलं सर."

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, तो सुट्टीवर असला की काय अडतं?

"गेल्या महिन्यात तीन दिवस गावाला गेला होता," ते कप खाली ठेवत म्हणाले. "एक नवीन कंप्लेंट आली होती, बोअर ओव्हरसाइजची. डी-थ्री आम्ही करून घेतलं. डी-फोर तसंच ठेवलं, म्हटलं येऊ दे त्याला."